आरा बंद, परीक्षा चालू

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, लाल पेनाने, मोठ्या अक्षरांत:

१. खोलीत भूमिका एकटीच. (खाली दोन रेघा)
२. दार तिच्या पाठीमागे, कॅमेऱ्यात दिसेल असं. उघडलं की परीक्षा बाद.
३. टेबलावर लॅपटॉप, पासपोर्ट, छोटा व्हाइटबोर्ड, मार्कर. पाणीसुद्धा नाही.
४. हेडफोन नाही. दोन्ही कान उघडे. केस मागे.
५. पलंगावर बसायचं नाही. खुर्ची.
६. भिंतीवर काही लिहिलेलं नको.

आणि हा कागद शोभाताईंनी चिकटवला होता कुठे, तर त्याच खोलीच्या भिंतीवर.

पण ते नंतर.

*

नागपूरच्या लकडगंजात त्यांचं घर आरा मशीनच्या डोक्यावर होतं. खाली लाकूड चिरलं जायचं, वर माणसं राहायची. खालून सागाचा भुसा उडे आणि वरच्या पापडांवर बसे. आरा सुरू झाला की घरातलं बोलणं थांबायचं आणि तो दमला की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. शोभाताई लग्न होऊन आल्या तेव्हा आठ दिवस त्यांना वाटत होतं, सासरची माणसं आपल्याशी अर्धंच बोलतात.

त्यांची मुलगी भूमिका रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेल्या गुडघ्यांना चालायला लावायचं हे तिचं काम. आयर्लंडमधल्या एका विद्यापीठाने तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली होती, एका अटीवर: महिनाअखेरपर्यंत इंग्रजीच्या परीक्षेचे नव्वद गुण कळवा. नागपूरच्या केंद्रात जूनपर्यंत जागा नव्हती. घरून मात्र देता येत होती. तारीख मिळाली गुरुवारची, सकाळी अकराची. निकाल यायला आठवडा धरला, तर महिना संपायला दोन दिवस उरत होते. म्हणजे ही एकच संधी. दुसऱ्यांदा द्यायला वेळच नव्हता.

"घरूनच द्यायची, मंग काय टेन्शन?" शोभाताईंचे यजमान ओमप्रकाश म्हणाले. आरा मशीन त्यांची. आवाजही तसाच, आरा बंद असला तरी आऱ्यावरून बोलल्यासारखा.

"घरूनच द्यायची म्हणून तर टेन्शन," शोभाताई म्हणाल्या. "केंद्रात त्यांची खोली राह्यते. इथं आपली हाये."

शोभाताईंना गुदगुल्या होत होत्या. लग्नाघरात मुहूर्ताआधी होतात तशा. कोणी तरी तिकडे सातासमुद्रापल्याड बसून आपली खोली बघणार! त्यांनी पलंगाखालची लोणच्याची बरणी हलवली, कोपऱ्यातलं जुनं शिवणयंत्र हलवलं, पडदे धुतले. आरशाचं कपाट हलेना, त्याला चादर बांधली.

"चादर काढायला सांगतील," भूमिका म्हणाली. "आत कोणी लपलं आहे का ते बघायला."

"कपाटात लपून इंग्रजी सांगणारं आपल्या घरात हाये कोण?"

एकच अट शोभाताईंनी घातली. गल्लीत कोणाला सांगायचं नाही. "नजर लागते. झाल्यावर पेढे वाटू."

ही अट लक्षात ठेवा.

*

रविवारी हर्षित आला. हर्षित शोभाताईंच्या बहिणीचा मुलगा, सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि मागच्या वर्षी हीच परीक्षा घरून देऊन बसला होता. त्यामुळे तो खुर्चीवर डॉक्टरसारखा टेकला.

"मावशी, वायफायवर विसंबायचं नाही. राऊटर बाहेर पॅसेजमध्ये, तिथून दाराखालून वायर थेट लॅपटॉपला."

त्याने वीस मीटरची वायर सोडली. कंपनीचा तपासणी प्रोग्राम चालवला. कॅमेरा: बरोबर. माइक: बरोबर. स्पीकर: बरोबर. इंटरनेटचा वेग: भरपूर. परीक्षेचा ब्राउझर उतरवून घेतला. तो एकदा सुरू झाला की बाकी सगळं बंद करतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लांबून काम करायचा प्रोग्राम हर्षितनेच कधी तरी तिच्या लॅपटॉपवर टाकला होता, तो काढून टाकला.

"हा दिसला असता तर पर्यवेक्षकाने विचारलं असतं, कोण आहे हा तुझ्या लॅपटॉपमध्ये?" भूमिका म्हणाली.

"मीच," हर्षित म्हणाला, "असं सांगितलं असतंस तर दोघंही बाद."

स्क्रीनच्या कडा आणि कीबोर्ड दाखवायला हातातला आरसा लागणार होता. कॅमेरा स्वतःच्या स्क्रीनकडे पाहू शकत नाही, म्हणून आरसा समोर धरून दाखवायचं. शोभाताईंनी आपला लग्नातला, पितळी दांड्याचा आरसा आणून दिला. नोंदी करायला पाटी-पेन्सिलही आणली, पण ती चालत नव्हती. मार्करने लिहून पुसता येणारा बोर्डच हवा. शेवटी तो पुसून, कोरा करून दाखवायचा.

"सगळं हिरवं," हर्षित म्हणाला. "गुरुवारी डोळे झाकून बस."

सगळं हिरवं. शोभाताईंनी त्याला तीन वेळा पोहे वाढले.

*

सोमवारी नानाजी वर चहा प्यायला आले. नानाजी आऱ्यावरचे मिस्त्री, तीस वर्षांपासून. लाकडावर टिचकी मारून आत पोकळ आहे की भरीव ते सांगत, आणि लहानपणी भूमिकेलाही त्यांनीच ते शिकवलं होतं. त्यांनी कपात बिस्कीट बुडवत विचारलं,

"तपासणी कवा केली?"

"काल," शोभाताई म्हणाल्या. "हर्षित आला होता नं."

"रविवारी?"

"हो."

बिस्कीट कपात पडलं. "रविवारी आरा बंद राह्यते, वहिनी."

शोभाताईंना क्षणभर कळेना. मग कळलं. आरा सुरू होताना मोटार एकदम वीज ओढून घ्यायची. घरभरचे बल्ब मान टाकायचे. मिक्सर दबून गुरगुरायचा. तीस वर्षं त्या आरा सुरू होईपर्यंत चटणी थांबवून ठेवत होत्या. इतकी सवय की हात आपोआप थांबे. आणि हे कोणालाही सांगायचं सुचलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? बल्बने मान टाकली. रोजच टाकतो.

"नानाजी, चालवा तुम्ही," भूमिका लॅपटॉप उघडत म्हणाली.

नानाजी खाली गेले. आरा घरघरला. बल्बने मान टाकली. पॅसेजमधल्या राऊटरचे दिवे गेले, एक एक करून परत आले. आणि तिच्या पडद्यावर: कनेक्शन तुट

तुटलं.

दोन मिनिटांनी जोडलं. परीक्षेत दोन मिनिटं म्हणजे परत पासपोर्ट, परत पर्यवेक्षक, कदाचित सगळंच संपलं.

"आई," भूमिका म्हणाली, "आपण किती वर्षं असे जगून राहिलो गं?"

त्याच दिवशी ओमप्रकाश सीताबर्डीहून राऊटरला लावायची छोटी बॅटरी घेऊन आले, डब्याएवढी. भिंतीतली वीज दचकली तरी राऊटर दचकत नाही. मंगळवारी नानाजींनी परत आरा सुरू केला. बल्बने मान टाकली. राऊटर हिरवाच. लॅपटॉपची आपली बॅटरी होतीच.

"तरी पण," ओमप्रकाश म्हणाले, "गुरुवारी आराच बंद ठेवतो. आवाज नको, झटका नको. सकाळी दहा ते दीड."

असं बोलून त्यांनी आपल्या घरातल्या सर्वांत मोठ्या अडचणीचा बंदोबस्त केला.

आणि दुसरी उभी केली.

*

गुरुवार. दहा वाजता शोभाताईंनी ओमप्रकाशना सीताबर्डीला पिटाळलं.

"काहून? मी गप्प बसतो नं."

"तुमचं गप्प बसणं खालपर्यंत ऐकू येते. जा."

कूलर सकाळपासून चालवून खोली गार करून घेतली होती. मेचं ऊन काचेला खेटून उभं. आता कूलर बंद, माइकात त्याची गडगड जाते. पंखा दोनवर. भूमिकेने कानातले झुमके काढले, केस मागे घट्ट बांधले. शोभाताईंनी तिच्या हातावर दहीसाखर ठेवली.

"बेस्ट ऑफ लक वं, बाई."

दार बंद. शोभाताई पॅसेजमध्ये, स्टुलावर, दहीसाखरेची वाटी हातात. समोर राऊटर.

आतून लॅपटॉपमधून एका पुरुषाचा आवाज आला. शांत, दवाखान्यातला असावा तसा. पासपोर्ट. लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवा. छत. टेबलाखाली. चादर काढा. (भूमिका हसली असावी.) आरसा. मोबाइल हात पोचणार नाही असा ठेवा.

मग शोभाताईंना "वॉल" ऐकू आलं. आणि "पेपर".

आतून: टर्रर्र.

तो कागद. सहावा नियम ज्याच्यावर लिहिला होता, त्याच कागदाने सहावा नियम मोडला होता. शोभाताईंनी तोंडावर पदर धरला. पण आवाज थांबला नव्हता. "अँड दोज लाइन्स?" कागदाच्या मागे भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या: सात वर्षं, आठ वर्षं, नऊ वर्षं. भूमिकेची उंची.

"माय हाइट, सर," आतून ऐकू आलं. "व्हेन आय वॉज अ चाइल्ड."

मग बहुधा तो चालेल म्हणाला असावा, कारण अकरा पंचवीसला कीबोर्डची टकटक सुरू झाली. पहिला भाग: वाचन. भूमिकेने क्रम पाठ करून दिला होता. वाचन, ऐकणं, बोलणं, लिहिणं. वाचनाला पस्तीस मिनिटं.

गल्लीत किती शांतता होती! शोभाताईंना ती कानात बोचली. आऱ्याशिवायचा गुरुवार. खाली दूरवर सायकलची घंटी, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. एवढं लकडगंजात कधी ऐकू येतं का?

अकरा चौतीस. जिन्यात पावलं.

*

शेजारच्या कौसल्याबाई. सत्तरीच्या, कानाने अर्ध्या. फिकी साडी नेसून, डोळे आधीच ओले करून.

"कोण गेलं वं, शोभा?"

शोभाताईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. ही आरा मशीन कामाच्या दिवशी फक्त तेव्हाच बंद असे, जेव्हा घरातलं कोणी वारलेलं असे. सासरे गेले तेव्हा. सासूबाई गेल्या तेव्हा. गल्लीला दुसरी सूचना लागत नसे. आऱ्याचा आवाज थांबला की लोक टोप्या घालून निघत.

आणि त्यांनी गल्लीत कोणालाही काही सांगितलं नव्हतं. नजर लागते म्हणून.

"कोणी नाही, कोणी नाही," त्या ओठांनीच बोलल्या. दाराकडे बोट. "परीक्षा."

"प्रेत आतमंदी हाये?" कौसल्याबाईंनी विचारलं, आणि ते पॅसेजभर घुमलं.

आत टकटक थांबली.

शोभाताईंचा जीव थांबला.

टकटक परत सुरू झाली.

त्यांनी कौसल्याबाईंचा दंड धरून जिन्याच्या तोंडाशी नेलं. कौसल्याबाई डोळे पुसत इकडेतिकडे पाहत होत्या. "ओमप्रकाश कुठं हायेत?"

"ते गेले," शोभाताई कुजबुजल्या, आणि "सीताबर्डीले" हा शब्द कौसल्याबाईंच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

"गेऽले?"

कौसल्याबाईंनी छाती भरून श्वास घेतला. असा श्वास घेतल्यावर पुढे काय येतं हे शोभाताई तीस वर्षांपासून जाणत होत्या. पूर्ण गल्लीत त्यांच्यासारखा गळा काढणारं कोणी नव्हतं. तोंड उघडलं. शोभाताईंच्या हातात वाटी होती. वाटीत चमचा होता.

दहीसाखर. थेट तोंडात.

कौसल्याबाईंचा हंबरडा दह्यात विरघळला. त्यांनी गिळलं. थक्क होऊन शोभाताईंकडे पाहिलं. मयताच्या घरी गोड कोणी देतं का? शोभाताईंनी आणखी एक चमचा भरवला, पक्कं व्हावं म्हणून.

"जिवंत हायेत," कानाशी तोंड नेऊन. "सी-ता-बर्डी."

"मंग आरा काहून बंद हाये?"

पण जिन्यात आणखी पावलं होती. प्लायवूडचे दुकानदार सुशीलभाऊ, हातात हार. त्यांच्यामागे चौघे. खाली नानाजी दोन्ही हात पसरून उभे, ट्रॅफिक हवालदारासारखे, "काही झालं नाही गा, काही झालं नाही," आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. काही झालं नाही म्हणून सांगायलाच माणसं दारात उभी करतात.

अकरा बेचाळीस. वाचन संपायला अठरा मिनिटं. मग ऐकणं, त्यात खोलीत एक शब्द गेला की प्रश्न गेला. मग बोलणं. तेव्हा माइकात दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर पर्यवेक्षक परीक्षाच थांबवेल. आणि कोणी मोकळ्या मनाचा सांत्वनकर्ता "पोरीला भेटून येतो" म्हणत ते दार लोटेल, तिच्या पाठीमागचं, कॅमेऱ्यातलं.

किती जणांच्या तोंडात दही घालणार?

शोभाताई जिन्यावरून खाली वाकल्या. "नानाजी. आरा."

नानाजींनी वर पाहिलं. "चालू करू?"

"गल्लीले ऐकू गेला पाहिजे."

"झटका बसन, वहिनी."

"बॅटरी हाये."

"एकदाच तपासली होती."

"मले माहीत हाये!"

नानाजींनी डोकं खाजवलं. "लाकूड नाही लावत. रिकामाच फिरवतो. आवाज लांब जाईन, चिरकणार नाही."

शोभाताई परत राऊटरसमोर येऊन बसल्या. हात जोडले. कोणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. देवाला असावेत, किंवा त्या डब्याएवढ्या बॅटरीला.

हिरवा.

हिरवा.

खालून खटका. मोटारीने श्वास घेतला.

पॅसेजच्या बल्बने मान टाकली.

हिरवा.

स्वयंपाकघरात फ्रिज आचका देऊन थांबला.

हिरवा.

आरा उठला, घरघरला, मग एकसुरी गाऊ लागला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल, चौकातल्या पानठेल्यापर्यंत. जिन्यातल्या माणसांचे खांदे एकदम सैल झाले. सुशीलभाऊंनी हार मागे लपवला. "चालू हाये की," कोणी तरी म्हणालं. कौसल्याबाईंनी हात छातीवर ठेवला आणि, ऐकू कमी येत असूनही, पायाखालच्या फरशीच्या थरथरीने त्यांना पटलं. सगळे उतरू लागले. खाली नानाजी एकेकाच्या कानात एकच शब्द सांगत होते आणि ते एकेक जण ओठांवर बोट ठेवून जात होते.

एक मिनिट. दीड. खटका. शांतता.

हिरवा.

*

आत ऐकणं झालं. मग बोलणं.

शोभाताईंनी आपली मुलगी कामाच्या दिवशी सलग, मध्ये आरा न येता बोलताना पहिल्यांदाच ऐकली. पंचेचाळीस सेकंद. थांबणं, विचार करणं, पुन्हा सुरू. सगळं कळलं नाही. पण मध्येच एक शब्द असा आला की त्या स्टुलावरून उठल्याच. खाली गेल्या. आरा मशीनच्या ओट्यावर नानाजी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, आणि गल्लीतले पाचसहा जण त्यांच्याभोवती एकही शब्द न बोलता.

"नानाजी," शोभाताई कुजबुजल्या, "तुमचं नाव घेतलं तिनं. इंग्रजीतून."

"मायं? काहून?"

"मले काय माहीत. 'माय टीचर' म्हणून राहिली होती."

नानाजींनी भुसा लागलेल्या हाताने डोळे चोळले, आणि तो भुसा डोळ्यात गेला, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

दीड वाजायच्या जरा आधी दार उघडलं. भूमिका घामाने निथळत, कान लाल, केस सुटलेले.

"बोर्ड पुसून दाखवला, झालं. आई, तो मध्येच चॅटवर लिहितो, हा आवाज कसला? मी लिहिलं, खाली आरा मशीन आहे, खोली बंद आहे, मी एकटी आहे. तो म्हणाला, कंटिन्यू." तिने दम घेतला. "आणि आई, वाचताना मला 'प्रेत' ऐकू आल्यासारखं का वाटलं?"

शोभाताईंनी उरलेली दहीसाखर तिच्या तोंडात घातली.

*

सहा दिवसांनी, दुपारी, निकाल.

नव्वद हवे होते. शहाण्णव.

भूमिका स्वयंपाकघरात ओरडली, पण खाली सागवान चिरलं जात होतं आणि कोणालाही ऐकू गेलं नाही. शोभाताईंनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग त्या काहीही न बोलता जिना उतरल्या, सरळ भुशात गेल्या, ओमप्रकाश "अगं अगं" म्हणेपर्यंत त्यांनी लाल बटण दाबलं.

आरा अर्ध्या ओंडक्यात थांबला. कामाच्या दिवशी. भरदुपारी.

दोन मिनिटंही झाली नसतील. गल्लीतून पावलं. सुशीलभाऊ, या वेळी हार नाही, पण चेहरा तसाच. त्यांच्यामागे कौसल्याबाई, श्वास छातीत तयार.

"कोण गेलं वं, शोभा?"

"गेली नाही, चालली म्हणा!" शोभाताई दोन्ही हात वर करून, आऱ्यावरून बोलावं तशा आवाजात ओरडल्या. "भूमिका चालली! आयर्लंडले!"

कौसल्याबाईंनी भरलेला श्वास वाया जाऊ दिला नाही.